योक सॅक दिसेपर्यंत: पाचव्या-सहाव्या आठवड्यातली सोनोग्राफी आम्ही कशी वाचतो

पाळी चुकून आठ-पंधरा दिवस झालेत, ओटीपोटात एका बाजूला दुखतंय, अंगावर थोडं तपकिरी जातंय. अशी बाई सोनोग्राफीला येते तेव्हा आम्हाला आधी एवढंच पाहायचं असतं की गर्भ गर्भाशयात आहे का. ठोके, वाढ, प्रसूतीची तारीख हे सगळं त्यानंतर. पाचव्या-सहाव्या आठवड्यात या प्रश्नाचं उत्तर कधी पहिल्याच तपासणीत मिळतं, कधी मिळत नाही. न मिळालेलं उत्तर मिळाल्यासारखं रिपोर्टात लिहिलं, तर त्याची किंमत दोन्हीकडून मोजावी लागते. गर्भाशयातल्या चांगल्या गर्भाला बाहेरचा समजून त्याची वाढ थांबवणारं मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन दिलं जातं, नाहीतर ट्यूबमधला गर्भ पोटात घेऊन बाई घरी जाते.

सिंधुदुर्गात घरी जाण्याला आणखी एक अर्थ आहे. देवगड किंवा आचऱ्याकडच्या एखाद्या वाडीत रात्री ट्यूब फुटली, तर आधी गाडी मिळायला हवी, मग ऑपरेशनची सोय असलेलं ठिकाण गाठायला हवं. कणकवली किंवा ओरोसला काम झालं नाही तर फोंडा घाट चढून कोल्हापूर, नाहीतर खाली गोव्यात बांबोळी. पावसाळ्यात दरड आली की घाटाचा भरवसा नाही. त्यामुळे पडद्यावर काय दिसलं याच्याइतकंच, ही बाई आज रात्री कुठे झोपणार आहे, हेही आम्ही त्याच टेबलावर ठरवतो.

पूर्ण क्रम एका केसच्या आधाराने सांगतो. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

बाई एकोणतीस वर्षांची. पहिलं मूल चार वर्षांचं, प्रसूती नॉर्मल. नवरा मुंबईला कामाला, सोबत जाऊ आली होती. आशाताईंनी पाठवलेलं. तीन दिवस उजवीकडे खाली दुखत होतं, आदल्या दिवसापासून थोडं तपकिरी जात होतं. नाडी ८४, बीपी ११०/७०, चेहऱ्यावर फिकेपणा नाही. हे आधी पाहायचं, कारण नाडी धावत असेल, चक्कर येत असेल, पोट कडक असेल, तर बारकाईची सोनोग्राफी करत बसायचं नसतं. अशा वेळी पोटावरून प्रोब ठेवून रक्त साठलंय का एवढंच बघायचं आणि थेट ऑपरेशनच्या ठिकाणी पाठवायचं.

तिच्या शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४१ दिवस झाले होते, म्हणजे ५ आठवडे ६ दिवस. पण पाळी कधी २८ दिवसांनी, कधी ३५ दिवसांनी यायची. अशा वेळी पाळीच्या तारखेवर फार भार टाकता येत नाही, कारण बीज सात-आठ दिवस उशिरा सुटलं असेल तर गर्भही तेवढाच लहान असणार. म्हणून आम्ही दुसरी एक तारीख नेहमी विचारतो: कार्डावर दोन रेघा पहिल्यांदा कधी आल्या? लघवीची तपासणी साधारण साडेतीन आठवड्यांच्या आत पॉझिटिव्ह येत नाही. तिची बारा दिवसांपूर्वी आली होती. म्हणजे गर्भ कितीही लहान धरला तरी तपासणीच्या दिवशी तो जेमतेम पाच आठवड्यांचा तरी असायलाच हवा. पाळीवरून सहाला एक दिवस कमी, कार्डावरून किमान पाच. खरं वय या दोघांच्या मधे कुठेतरी. रिकामं गर्भाशय दिसलं तर त्याचा अर्थ या हिशेबावर अवलंबून असतो, म्हणून तो आधी कागदावर मांडून घ्यायचा.

त्याच वेळी आणखी काही गोष्टी विचारायच्या असतात: आधी कधी गर्भ ट्यूबमध्ये राहिला होता का, नसबंदी किंवा ट्यूबचं दुसरं ऑपरेशन झालंय का, तांबी बसवलेली आहे का, पोटात जंतुसंसर्ग किंवा टीबी झाला होता का, दिवस राहण्यासाठी उपचार घेतले का, सिझर झालंय का. आणि एक प्रश्न जावेला बाहेर बसवून हळू आवाजात विचारायचा असतो: मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या घेतल्या आहेत का? सोनोग्राफी न करता घेतलेल्या या गोळ्यांनी गर्भाशयाच्या आतलं आवरण सुटतं, रक्तस्राव होतो आणि बाईला वाटतं काम झालं. ट्यूबमधल्या गर्भावर मात्र त्या गोळ्या काम करत नाहीत. रक्त का जातंय हे आयतंच कळल्यासारखं होतं आणि सगळेच तिथे थांबतात. हिने गोळ्या घेतलेल्या नव्हत्या.

बाई गरोदर आहे म्हटल्यावर तपासणीआधी एफ फॉर्म भरायचाच, मग ती पाचव्या आठवड्यातली का असेना. १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखालच्या या फॉर्ममधल्या कारणांच्या यादीत गर्भ गर्भाशयात आहे की बाहेर हे पाहण्याचं कारण आधीपासून छापलेलं आहे. त्यावर खूण करायची.

पोटावरून एक नजर टाकली. त्यात मुख्य पाहायचं ते यकृत आणि उजव्या मूत्रपिंडाच्या मधल्या फटीत द्रव आहे का. तिथे काळी पट्टी दिसली तर ओटीपोटात बरंच रक्त साठून वर चढलंय असं धरायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण योनीमार्गातून तपासणी करायची आहे म्हणून ते अनेकदा राहून जातं. हिची फट कोरडी होती.

मग लघवी करून यायला सांगितलं. योनीमार्गाच्या तपासणीला मूत्राशय रिकामं लागतं, भरलेलं असलं तर गर्भाशय लांब ढकललं जातं. प्रोबवर आधी आतून जेल, मग आवरण, मग बाहेरून जेल. आत हवेचा बुडबुडा राहिला तर नेमकी हवी तिथेच काळी सावली पडते. मदतनीस ताई जवळ उभ्या. काय करणार आहोत ते बाईला आधी सांगायचं आणि दुखलं तर थांबवायला सांगायचं. कुठे दुखतंय हीसुद्धा माहितीच असते.

सुरुवात नेहमी गर्भाशयाच्या तोंडापासून. मुखाची नळी, तिथून सलग वर जाणारी आतल्या पोकळीची रेघ, आणि टोकाला फंडस, हे सगळं एकाच उभ्या छेदात जोडलेलं दिसायला हवं. सॅक दिसली म्हणजे ती गर्भाशयातच आहे असं नसतं. ती ज्या स्नायूंच्या भिंतीत आहे ती भिंत मुखाशी जोडलेली आहे, हे दाखवता आलं पाहिजे. नंतर प्रोब आडवा वळवून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण झाडून घ्यायचं.

आता काय शोधायचं असतं ते सांगतो. साधारण साडेचार ते पाच आठवड्यांत गर्भाची सॅक प्रथम दिसते, दोन-तीन मिलिमीटरचा काळा गोल ठिपका. तिची जागा महत्त्वाची. ती पोकळीच्या मधोमध तरंगत नाही. आतलं आवरण जाड झालेलं असतं, त्याच्या दोन थरांमधली पोकळीची बारीक पांढरी रेघ ओळखायची, आणि सॅक त्या रेघेच्या एका बाजूला आवरणात रुतलेली असते. भोवती उजळ, जाडसर कडं असतं. सॅक थोडी मोठी झाली की या कड्याबाहेर दुसरं कडं दिसू लागतं, त्याला दुहेरी डेसिड्युअल सॅकची खूण म्हणतात. ती दिसली तर उत्तम. नाही दिसली म्हणून सॅक खोटी ठरत नाही. गर्भाशयातल्या बऱ्याच चांगल्या गर्भांमध्ये ही दुहेरी कडं नीट दिसत नाहीत.

माप घेताना फक्त काळ्या द्रवाचं घ्यायचं, उजळ कडं सोडून. लांबी, उंची, रुंदी या तिन्हींची सरासरी. ६, ५ आणि ७ मिलिमीटर असतील तर सरासरी ६. त्यात ३० मिळवले की दिवस मिळतात: ३६ दिवस, म्हणजे पाच आठवड्यांच्या वर एक दिवस. सॅक रोज साधारण एक मिलिमीटर वाढते, म्हणून हा सोपा हिशेब या काळात चालतो.

साडेपाच आठवड्यांच्या आसपास सॅकच्या आत योक सॅक येते. तीन ते पाच मिलिमीटरचं, बारीक पण ठळक पांढऱ्या भिंतीचं, आत काळं असलेलं गोल वर्तुळ. सॅकच्या आत योक सॅक दिसली की ती गर्भाचीच सॅक आहे हे ठरलं. तिथे दुसरा अर्थ उरत नाही. आमच्या दृष्टीने या आठवड्यांतली ही सगळ्यात मोलाची खूण आहे, म्हणून ती आहे असं लिहिण्याआधी पुरता वेळ द्यावा. सॅकच्या भिंतीवरून उठलेल्या प्रतिध्वनीची कमान एका छेदात योक सॅकसारखी दिसते. प्रोब नव्वद अंशांत फिरवायचा. खरी योक सॅक दोन्ही छेदांत गोलच राहते, कमान विरून जाते. उलटही होतं: गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, जास्त ठेवला तर सॅकचा काळा भाग धुरकट होऊन आतली पातळ भिंत बुडून जाते. गेन खाली आणायचा, फोकस सॅकवर न्यायचा, चित्र मोठं करायचं, आणि सॅकच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अगदी हळू जायचं. घाईत प्रोब फिरवला तर तीन मिलिमीटरची वस्तू सहज निसटते. या वयात गर्भाशयातल्या सॅकवर कलर डॉप्लर लावायचा नाही. ठोके पाहायचे तर एम-मोडवर.

हिच्या गर्भाशयात असं काही नव्हतं. आतलं आवरण १२ मिलिमीटर जाड, आणि त्याच्या अगदी मधोमध चार मिलिमीटर लांबीची द्रवाची चिंचोळी रेघ. ती पोकळीच्या आकाराने पसरलेली होती, टोकं निमुळती, भोवती उजळ कडं नाही. प्रोबने हलका दाब दिल्यावर तिचा आकार बदलला. हा पोकळीत साठलेला द्रव, सॅक नव्हे. गर्भ बाहेर असतानाही आवरण हार्मोनमुळे जाड होतं आणि त्यात असा द्रव किंवा रक्त साठू शकतं. त्याला खोटी सॅक म्हणतात.

इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. ही खोटी सॅक पाठ्यपुस्तकांतून इतकी भरवली गेली आहे की योक सॅक न दिसलेली प्रत्येक छोटी सॅक खोटी आहे की काय अशी शंका घेतली जाते. प्रत्यक्षात कार्ड पॉझिटिव्ह असलेल्या बाईच्या गर्भाशयात गोल किंवा लंबगोल, कडा गुळगुळीत असलेली द्रवाची जागा दिसली, तर ती गर्भाची सॅक असण्याचीच शक्यता फार मोठी असते. तिला ‘बहुधा गर्भाशयातील गर्भ’ असंच लिहायचं, बाजूंची तपासणी पूर्ण करायची आणि योक सॅक दिसेपर्यंत पुन्हा बोलवायचं. गर्भ बाहेर आहे असं गृहीत धरून क्युरेटिंग किंवा मेथोट्रेक्सेट मुळीच नाही. हिच्यात मात्र गोल सॅक नव्हतीच.

मग बाजू. ज्या ओव्हरीतून बीज सुटलं तिच्यात कॉर्पस लुटियम असतं, आणि ट्यूबमधला गर्भ बहुतेक वेळा त्याच बाजूला सापडतो. म्हणून आधी कॉर्पस लुटियम शोधायचं, आणि ती ओव्हरी व गर्भाशय यांच्या मधल्या जागेत सर्वांत जास्त वेळ घालवायचा. हिच्या उजव्या ओव्हरीत १९ मिलिमीटरचं कॉर्पस लुटियम होतं. उजवीकडे आतड्यातला वायू बराच होता. मोकळ्या हाताने पोटावरून हलका दाब देत आतडं बाजूला सारत पाहिलं, पण ओव्हरीबाहेर गाठ दिसली नाही. डावी बाजू मोकळी. गर्भाशयामागे थोडा स्वच्छ काळा द्रव, एवढा तर निरोगी बाईतही असतो.

जावेने दारातूनच विचारलं, “सगळा बरा आसा मां?”

आम्ही खरं तेच सांगितलं: दिवस राहिलेत, पण गर्भ कुठे आहे ते आज दिसत नाही, आणि ते दिसेपर्यंत निश्चिंत व्हायचं नाही. रिपोर्टात लिहिलं: गर्भाशयात गर्भाची सॅक नाही, बाहेरही दिसत नाही, जागा अनिश्चित, ४८ तासांनी बीटा एचसीजी आणि पुन्हा सोनोग्राफी. ‘पूर्ण गर्भपात’ असं लिहायचा मोह अशाच वेळी होतो, विशेषतः ‘काल गाठी पडल्या’ असं बाई सांगते तेव्हा. गर्भ बाहेर असतानाही गर्भाशयाचं आवरण सगळं एकदम सुटून मांसाच्या तुकड्यासारखं पडू शकतं. आधीच्या एखाद्या सोनोग्राफीत गर्भाशयातली सॅक नोंदलेली असेल तरच रिकाम्या गर्भाशयाला पूर्ण गर्भपात म्हणता येतं. तशी नोंद नसेल तर जागा अनिश्चितच, आणि बीटा एचसीजी शून्याच्या जवळ येईपर्यंत पाठपुरावा.

त्या दिवशीचं बीटा एचसीजी, म्हणजे रक्तातलं गरोदरपणाचं हार्मोन, १८६० आलं. या एका आकड्यावरून निर्णय घ्यायचा नसतो. गर्भाशयातली सॅक कोणत्या आकड्याला दिसलीच पाहिजे याची मर्यादा पूर्वी १५०० ते २००० धरत, त्यामुळे गर्भाशयातले काही चांगले गर्भ एक्टोपिक, म्हणजे गर्भाशयाबाहेरचे, समजले गेले. आता ही मर्यादा ३५०० इतकी सावध धरतात, आणि जुळं असेल तर त्याच्याही वर आकडा गेला तरी सॅक दिसलेली नसू शकते. उलट आकडा कमी म्हणून ट्यूब फुटणार नाही असंही नाही. काही शेकड्यांत असतानाही ती फुटते. म्हणूनच ‘बीटा एचसीजी १५०० च्या खाली आहे, सोनोग्राफीचा उपयोग नाही’ असं म्हणून परत पाठवणं आम्हाला मान्य नाही. दुखत असेल तर आकडा काहीही असो, पाहायचंच.

तिला त्या दोन दिवसांत गावी जाऊ दिलं नाही. कणकवलीत नात्यातलं एक घर होतं, तिथे राहायला सांगितलं. जावेला नीट समजावलं: दुखणं एकदम वाढलं, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, शौचाला सारखं लागल्यासारखं वाटलं, किंवा खांद्याच्या टोकाला दुखू लागलं, तर सकाळची वाट पाहायची नाही, १०८ ला फोन. खांद्याचं दुखणं बायका हमखास सांगायच्या राहतात, कारण त्याचा पोटाशी संबंध असेल असं कुणाला वाटत नाही. पोटात साठलेलं रक्त छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला लागलं की खांद्याला दुखतं. रक्तगटही तेव्हाच करून घेतला. आरएच निगेटिव्ह निघाला असता तर पुढे अँटी-डीचा विचार करावा लागला असता, तो पॉझिटिव्ह होता.

४८ तासांनी, त्याच लॅबमधून, बीटा एचसीजी २३१०. लॅब तीच हवी, कारण वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. वाढ ४५० ची, म्हणजे २४ टक्के. पहिला आकडा १५०० ते ३००० च्या दरम्यान असेल तर गर्भाशयातल्या वाढत्या गर्भात ४८ तासांत किमान ४० टक्के वाढ अपेक्षित असते. १५०० च्या खाली असेल तर ४९, आणि ३००० च्या वर असेल तर ३३ टक्के. दुप्पट झालंच पाहिजे हा जुना नियम आता कुणी धरू नये. हिची वाढ किमान मर्यादेच्याही खाली होती. याचा अर्थ गर्भ नीट वाढत नाही, एवढाच. तो गर्भाशयात बिघडतोय की ट्यूबमध्ये आहे, हे आकडा सांगत नाही. आणि काही एक्टोपिकमध्ये वाढ अगदी व्यवस्थित होते, म्हणून चांगल्या वाढीनेही सोनोग्राफी रद्द करायची नाही.

दुखणं आता वाढलं होतं. पुन्हा योनीमार्गातून पाहिलं. गर्भाशयात तसंच, मधोमध चिंचोळा द्रव, सॅक नाही. उजवीकडे ओव्हरी आणि गर्भाशयाच्या मधे मात्र आता १६ मिलिमीटरचं एक कडं दिसलं, मेदूवड्यासारखं: बाहेर जाड उजळ वर्तुळ, मधे काळा ठिपका. पहिल्या दिवशी ते इतकं लहान असणार किंवा आतड्यामागे दडलं असणार. दोन दिवसांनी परत बोलवण्याचं कारण हेच.

अशा वेळी पहिली शंका घ्यायची ती कॉर्पस लुटियमची, कारण तेही कडं असलेलं, मधे काळं, आणि डॉप्लर लावला तर भोवती रक्ताचं पेटलेलं वर्तुळ दाखवणारं असतं. ट्यूबमधला गर्भही तसंच वर्तुळ दाखवतो, म्हणून कलरने हा प्रश्न सुटत नाही. सुटतो तो हालचालीने. प्रोबचं टोक ओव्हरी आणि त्या कड्याच्या मधे नेऊन हलकेच पुढेमागे दाबायचं, दुसरा हात पोटावर. कॉर्पस लुटियम ओव्हरीचाच भाग असल्याने तिच्यासोबत हलतं. ट्यूबमधली गाठ ओव्हरीवरून घसरून वेगळी सरकते. जोर लावायचा नाही, ताणलेली ट्यूब असते. हिच्यात ओव्हरी आपल्या जागी राहिली आणि कडं तिच्यापासून सुटं सरकलं. दाबल्यावर नेमकं तिथेच दुखलं. उजळपणाही मदतीला येतो: ट्यूबमधल्या गर्भाचं कडं साधारणपणे गर्भाशयाच्या आवरणापेक्षा उजळ असतं, कॉर्पस लुटियमची भिंत त्यापेक्षा फिकी.

मग चित्र मोठं करून कड्याच्या आत पाहिलं. तीन मिलिमीटरचं बारीक पांढरं वर्तुळ, दोन्ही छेदांत गोल. योक सॅक. गर्भाशयाबाहेरच्या कड्यात योक सॅक दिसली म्हणजे निदान पक्कं, त्याला आता बीटा एचसीजीचा आधार लागत नाही. सगळ्याच केसमध्ये इतकं स्पष्ट मिळत नाही. बहुतेक वेळा ओव्हरीपासून सुटी सरकणारी, आत काही विशेष न दिसणारी एक साधी गाठ एवढंच असतं. कार्ड पॉझिटिव्ह, गर्भाशय रिकामं आणि अशी गाठ, एवढ्यावरही एक्टोपिक अत्यंत संभाव्य असं लिहायला हवं. योक सॅक दिसण्याची वाट पाहत बसू नये.

गर्भाशयामागचा द्रवही बदलला होता. परवा स्वच्छ काळा होता, आता त्यात बारीक ठिपके हलत होते आणि तळाशी राखाडी थर. हे रक्त. गेन थोडा वाढवला की हे ठिपके उठून दिसतात, साध्या द्रवात ते येत नाहीत. गोठलेलं रक्त आणखी फसवतं: ते आतड्यासारखं किंवा गर्भाशयाच्या भिंतीसारखंच राखाडी दिसतं आणि नजरेतून सुटतं. प्रोबने ढकलल्यावर ते आकार बदलत थरथरतं, आतडं स्वतःहून हलतं. यकृताजवळची फट पुन्हा पाहिली, अजून कोरडी.

रिपोर्ट लिहिण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन केला. असा रिपोर्ट लिफाफ्यात घालून नातेवाइकांच्या हाती देऊन भागत नाही. कड्याचं माप, योक सॅक आहे, ठोके नाहीत, द्रव ठिपक्यांचा आणि किती खोल, वर रक्त नाही, दोन्ही बीटा एचसीजी आणि तासांचं अंतर, एवढं तोंडी सांगितलं. आकड्यांच्या हिशेबाने ती मेथोट्रेक्सेटच्या चौकटीत बसत होती: बीटा एचसीजी ५००० च्या खाली, गाठ साडेतीन सेंटिमीटरपेक्षा लहान, ठोके नाहीत. पण दुखणं वाढत होतं आणि पोटात रक्त उतरू लागलं होतं. शिवाय इंजेक्शननंतर चौथ्या आणि सातव्या दिवशी बीटा एचसीजी करावं लागतं, त्या दोन आकड्यांत किमान १५ टक्के घट दिसावी लागते, आणि दरम्यान ट्यूब फुटण्याची शक्यता राहतेच. एकटी राहणारी, गाव लांब, नवरा मुंबईत. डॉक्टरांनी त्याच दिवशी दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. गर्भ उजव्या ट्यूबच्या रुंद भागात होता, ट्यूब फुटलेली नव्हती, टोकातून रक्त झिरपत होतं. ट्यूब काढली, डावी चांगली होती.

दोन जागा मात्र या क्रमात सहज निसटतात, कारण तिथला गर्भ पाहणाऱ्याला गर्भाशयातच वाटतो. एक, ट्यूब गर्भाशयाच्या भिंतीतून जाते तो कोपरा. सॅक फार बाजूला दिसली आणि तिच्या बाहेरचा स्नायूचा थर पाच मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर शंका घ्यायची. ही जागा उशिरा फुटते आणि फुटली की रक्तस्राव प्रचंड. दुसरी, सिझरची जुनी खूण. पोकळी रिकामी, मुखाची नळी रिकामी, आणि सॅक खाली पुढच्या भिंतीत, मूत्राशयाला लागून, मधे स्नायू अगदी पातळ. तिला पडत असलेला गर्भपात समजून क्युरेटिंग केलं तर रक्तस्राव आवरत नाही. म्हणून आधी सिझर झालेल्या बाईत सॅकमध्ये योक सॅक दिसली तरी सॅकची जागा उभ्या छेदात दाखवल्याशिवाय आम्ही ‘गर्भाशयात’ असं लिहीत नाही.

आणि दिवस राहण्यासाठी उपचार घेतलेली बाई असेल, विशेषतः टेस्ट ट्यूब बेबीचे, तर गर्भाशयात सॅक आणि योक सॅक दिसल्यावरही दोन्ही बाजू पूर्ण पाहायच्या. एक गर्भ आत आणि एक बाहेर हे आपोआप राहिलेल्या गरोदरपणात फार दुर्मीळ, या उपचारांनंतर तेवढं दुर्मीळ नाही.

ऑपरेशननंतर बीटा एचसीजी खाली जातंय याची खात्री करून तिला घरी सोडलं. जाताना तिच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहून दिली, आशाताईंनाही तीच सांगितली: एकदा ट्यूबमध्ये गर्भ राहिला की पुढच्या वेळी तसं होण्याची शक्यता दहात एक असते, म्हणून पुढे दिवस राहिले तर पाळी चुकल्यापासून पंधरा दिवसांनी, म्हणजे सहाव्या आठवड्यात, दुखत असो वा नसो, योनीमार्गातून सोनोग्राफी करून घ्यावी आणि गर्भाशयात योक सॅक दिसली आहे असं लेखी घ्यावं.